तांबटाच्या पुस्तकातल्या सत्तेचाळीस चुका

"बाई, राघवच्या बापाला तुम्ही मारलंत?" दुसानेनं दारातूनच विचारलं. पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या त्यानं.

"मी कशाला मारू? तो पहिल्याच गोष्टीत जळून मेला होता," मी म्हटलं. "मी फक्त त्याला एकशे बाराव्या पानावर परत जिवंत होऊ दिलं नाही."

दुसाने मटकन खुर्चीत बसला. बारा दिवस भाचीच्या लग्नासाठी रजेवर होता. उरलेल्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा आणि बुंदीचा डबा घेऊन आला होता. डबा त्यानं टेबलावर ठेवला, पण उघडला नाही.

ही गोष्ट दोन हजार बारा सालची, नाशिकमधली. मी तेव्हा एकोणसाठ वर्षांची होते आणि एका लहान प्रकाशनात मुद्रितशोधक म्हणून काम करत होते. छापायला जाण्याआधी पुस्तकातल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. दुसाने तिथे डीटीपी करायचा, म्हणजे मी कागदावर लाल शाईनं दाखवलेल्या चुका तो कॉम्प्युटरमध्ये दुरुस्त करायचा. आमची संपादक शर्वरी तीस-बत्तीसची होती आणि तिनं एक धाडस केलं होतं. बेंगळुरूहून इंग्रजीत निघणाऱ्या ‘तांबट’ या सुपरहिरोच्या कॉमिक्समधल्या निवडक गोष्टींचं मराठी पुस्तक ती काढत होती. तीनशे बारा पानं, सगळी रंगीत.

तांबट म्हणजे राघव, एका तांबे-पितळेच्या कारागिराचा मुलगा. तांब्याचा एक हातमोजा चढवला की आकाशातली वीज त्याच्या मुठीत येते. चित्रकार हेरंब वालावलकर यांनी तो तीस वर्षांपूर्वी जन्माला घातला होता. ते त्या दिवशी चार वाजता शेवटचं प्रूफ पाहून सही करायला येणार होते. करारात त्यांची एकच अट होती: त्यांना विचारल्याशिवाय गोष्टीत फेरफार झाला, तर करार रद्द. पूर्वी दुसऱ्या एका भाषेत कुणीतरी असाच हात चालवला होता आणि त्यांनी ती सगळी आवृत्ती मागे घ्यायला लावली होती.

आणि मी सत्तेचाळीस फेरफार केले होते. मला ते फेरफार वाटले नव्हते, चुका वाटल्या होत्या.

मी जन्मात कॉमिक वाचलं नव्हतं. चित्रांची पुस्तकं ही अक्षरओळख न झालेल्यांची सोय, असं माझं ठाम मत होतं. पण काम ते काम. नेहमीप्रमाणे मी वहीत सगळ्या पात्रांची नावं, वयं, डोळे, हात, आईबाप लिहून काढले आणि बघते तर काय, बाप कुठे मेलेला, कुठे जिवंत! राघव कुठे दोन डोळ्यांचा, कुठे एका. हातमोजा कधी उजव्या हातात, कधी डाव्या. मधेच राघवची बहीण रेवतीच तांबट झालेली. एके ठिकाणी तर कासिम नावाचा भलताच माणूस तांबट. ‘अंक १’ तीनदा आलेला. इतकं गबाळं लेखन मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी एकेक विसंगती पकडली, लाल शाईनं सगळं एकसारखं केलं आणि खाली ‘कु.’ अशी सही ठोकली. आमच्याकडे शिरस्ता असा की कुमुद भालेरावची सही झाली की पुढे कुणी प्रश्न विचारायचा नाही. दुसानेच्या जागी आलेल्या बदली ऑपरेटरनंही विचारला नाही, मुकाट्यानं सगळं केलं आणि त्या सकाळी जाता जाता दुसानेला सांगितलं.

"एवढं करायची काय गरज होती, बाई?" दुसाने म्हणाला.

त्याला माहीत होतं काय गरज होती.

एकोणीसशे शहाण्णव साली आम्ही दोघं एकाच दैनिकात होतो. मी मुद्रितशोधक आणि तो बावीस वर्षांचा, पेस्टिंगला, म्हणजे मजकुराच्या कापलेल्या पट्ट्या पानावर चिकटवायला, नुकताच लागलेला. एके दिवशी निधनवार्तेत मेलेल्या माणसाऐवजी धान्याचे व्यापारी धोंडीरामशेट लुणावत यांचं नाव छापून आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता शेट स्वतः, सोबत रडून डोळे सुजलेली बायको आणि हारासकट आलेले दोन व्याही, असे सगळे कार्यालयात हजर झाले. पानावर सही माझी होती. मी नाव बरोबर वाचल्याचं मला पक्कं आठवत होतं, पण छापलेलं पान समोर होतं. तिसऱ्या दिवशी मी घरी बसले. पुढची पाच वर्षं कुणी काम दिलं नाही. नाशिकमध्ये ‘जिवंत माणसाला मारणारी बाई’ हीच माझी ओळख झाली. तेव्हापासून मी काहीच एकदा पाहून सोडत नसे. घराचं कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचं, गॅसची कळ तीनदा, प्रूफ तीनदा. कुठे दोन गोष्टी जुळत नाहीत असं दिसलं की त्या जुळवल्याशिवाय मला झोप लागत नसे.

"जुनी फाईल असेल ना? तीच लाव," मी म्हटलं.

"लावली तर तुमच्या शुद्धलेखनाच्या सगळ्या दुरुस्त्या जातील. तीनशेच्या वर आहेत, आणि त्या बरोबर आहेत. दोन्ही एकाच फाईलमध्ये मिसळलंय." त्यानं घड्याळ पाहिलं. पावणेदहा झाले होते. "एकेक बघावी लागेल. कुठली खरी चूक आणि कुठली नाही, हे तुम्हालाच ठरवावं लागेल."

"मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच आधी शिकायचं," म्हणत दुसानेनं एक लग्नपत्रिका उलटी केली आणि तिच्या पाठीवर तीन गोल काढले. तो लहानपणापासून कॉमिक्स वाचायचा हे मला माहीत होतं. दैनिकात असतानाही डब्याखाली एखादं लपवून वाचत बसायचा.

"हे तीन गोल म्हणजे तीन जगं. शेजारीशेजारी, एकाच वेळी चालू. प्रत्येकाचा सूर्य वेगळा, नाशिक वेगळं आणि झालेल्या गोष्टीही वेगळ्या. मल्टिव्हर्स म्हणतात ते एवढंच. या गोलात राघव वाचला आणि बाप मेला. या दुसऱ्या गोलात, जग-४ मध्ये, त्याच आगीत राघव मेला. म्हणून बहिणीनं हातमोजा घातला, आणि ती डावखुरी आहे म्हणून डाव्या हातात. जग-७ मध्ये राघव वाचला, पण एक डोळा गेला आणि तो पुढे दुष्ट झाला. तिन्ही खरं."

"तिन्ही खरं कसं असेल?"

"आपापल्या गोलात खरं. चूक तेव्हाच, जेव्हा एकाच गोलात दोन्ही घडेल."

"आणि हा पहिला गोल म्हणजे जग-१?"

"जग-१२."

"मुख्य जगाला बारावा नंबर?"

"नंबर हे नुसतं नाव असतं बाई, मान नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीच्या मुख्य जगाला तीन आकडी नंबर आहे. वाचक जिथे सगळ्यांत जास्त वस्तीला असतो, ते मुख्य."

"पण हा उद्योग सांगितला कुणी?"

"वाचकांनीच." दुसाने आता रंगात आला. "तिकडे चाळीसच्या सुमाराला काही हिरो निघाले. ते मागे पडले. पंधरा-वीस वर्षांनी कंपनीनं तीच नावं घेऊन नवे हिरो काढले. मग पोरं विचारायला लागली, जुने गेले कुठे? तेव्हा साठच्या आसपास कंपनीनं सांगितलं, जुने आहेत की, दुसऱ्या पृथ्वीवर आहेत. झालं! पृथ्व्या वाढतच गेल्या. नव्या माणसाला काही समजेना. शेवटी पंच्याऐंशीच्या सुमाराला एक भलीमोठी गोष्ट रचून सगळ्या पृथ्व्या कोसळवल्या आणि एकच ठेवली. वालावलकरांनीही शहाऐंशीत तेच केलं. तुमच्या प्रूफात सातवं प्रकरण ‘जगबुडी’ आहे ना, ते."

मी ते प्रकरण काढलं. त्यात सगळी जगं एकमेकांवर आदळून पांढरीफटक होतात आणि शेवटच्या पानावर एक कोरी चौकट आहे. त्या कोऱ्या चौकटीत मी ‘चित्र राहिले आहे’ असा शेरा मारला होता.

"ती कोरीच हवी. इथे पाटी पुसली. याला म्हणतात रीबूट. यानंतर जग-१२ पहिल्यापासून सुरू, अंक १. राघव पुन्हा वीस वर्षांचा आणि त्याचा बाप जिवंत. आधीचे अडतीस अंक या राघवच्या आयुष्यात घडलेलेच नाहीत."

"म्हणजे एकशे बाराव्या पानावरचा बाप..."

"पुसलेल्या पाटीवरचा आहे. त्याला उगाच मारलंत."

मी हिरवं पेन काढलं. प्रूफात आपणच केलेली दुरुस्ती मागे घ्यायची असेल, तर त्या शब्दाखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, ‘असू द्या’. तीस वर्षांच्या नोकरीत मी हे दोन शब्द फार तर दहा वेळा लिहिले असतील. एकशे बाराव्या पानावर लिहिले, एकशे पंधरावर लिहिले, एकशे एकोणीसवर लिहिले. दुसाने शेजारी फाईलमध्ये बाप जिवंत करत गेला.

साडेअकराला शर्वरीचा फोन आला. "कुमुदताई, सगळं तयार आहे ना?"

"सत्तेचाळीस ठिकाणी मी घोळ घातलाय. निस्तरतोय," मी म्हटलं. खोटं बोलायची सवय नव्हती.

ती हळूच म्हणाली, "ताई, हे पुस्तक गेलं तर मी पुढचं काढू शकणार नाही."

मी फोन ठेवला. दुसरं काम मला कोण देणार होतं? नाशिकमध्ये आता लोक म्हणतील, बाईनं आधी जिवंत माणूस मारला, आता पुस्तक मारलं.

"पुढचं सांग," मी दुसानेला म्हटलं. "तिसरा अंक १ कशाचा? पुन्हा पाटी पुसली?"

"नाही. तो चौऱ्याण्णवचा, रीलाँच. गोष्ट तीच चालू, बाप तोच, शत्रू तोच. फक्त लेखक-चित्रकार बदलले आणि नवा वाचक यावा म्हणून आकडा एकपासून."

"म्हणजे नाटक नव्या संचात."

दुसाने माझ्याकडे बघतच राहिला. "बरोबर! संहिता तीच, पाटी नवी. रीबूट म्हणजे पहिला अंकच नव्यानं लिहिला."

"मग या तिसऱ्या मालिकेत अंक २३ नंतर एकदम अंक १००? मी तिथे २४ केलंय."

"बेरीज करा की. पहिल्या मालिकेचे अडतीस, दुसरीचेही अडतीस, तिसरीचे तेवीस."

"नव्याण्णव," मी म्हटलं. "म्हणजे पुढचा शंभरावा. अंक मोठा म्हणून जुनी मोजणी परत आणली."

"हे सगळीकडे करतात. सणासुदीला आजोबांचं नाव लावतात."

मी ‘असू द्या’ लिहिलं. मग रेवतीची पानं घेतली. रेवतीच्या तोंडच्या सगळ्या क्रियापदांना मी पुल्लिंगी करून ठेवलं होतं. ते बघताना माझं मलाच हसू आलं आणि त्याच वेळी डोक्यात लख्ख उजेड पडला.

"अरे दुसाने, हे तर पाठभेद आहेत!"

"काय?"

"मी एकदा जात्यावरच्या ओव्यांचं पुस्तक तपासलं होतं. सिन्नरची बाई ओवी म्हणते त्यात भाऊ घोड्यावरून येतो, येवल्याची म्हणते त्यात तो बैलगाडीतून. ओवी एकच. आम्ही काय केलं? घोडा कापून बैलगाडी नाही घातली. खाली टीप दिली, ‘असाही पाठ आढळतो’. रेवती हा राघवचा पाठभेद आहे."

"त्यालाच व्हेरिएंट म्हणतात, बाई. दुसऱ्या जगातला तोच माणूस, किंवा त्याच जागी उभं राहिलेलं दुसरं माणूस."

मला एवढा संताप आला स्वतःचा! पाठभेदाला हात लावायचा नाही, हे मी नव्या मुलामुलींना घोकून शिकवत आले होते. पण ते ओव्यांच्या बाबतीत. चित्रांच्या पुस्तकाला तेवढा मान द्यावा हे माझ्या मनातच आलं नव्हतं.

"मग कासिमही व्हेरिएंट," मी झटपट पुढे गेले.

"तिथे फसलात. कासिम कुठल्या जगात आहे?"

मी पान पाहिलं. कोपऱ्यात जग-१२. शेजारीच राघव पलंगावर, पायाला प्लास्टर. तो स्वतः हातमोजा कासिमच्या हातात देतोय. "एकाच जगात दोघंही आहेत. मग हा पाठभेद नाही. हा वारस."

"आता तुम्ही मला शिकवा," दुसाने म्हणाला आणि बुंदीचा डबा उघडला.

दुपारी दोनपर्यंत आम्ही पस्तीस जागा निस्तरल्या. राघव पेशवाईत तोफ ओततो ती गोष्ट मी काळाशी जुळत नाही म्हणून अख्खी काढायला सांगितली होती. ती ‘समजा असं झालं असतं तर’ छापाची होती, कुठल्याच चालू मालिकेला न चिकटणारी. परत घातली. शेवटच्या पानांवर एकाच अंकाची तीन मुखपृष्ठं होती, त्यातली दोन मी जादा म्हणून उडवली होती. आतला मजकूर तोच, फक्त बाहेरचं चित्र वेगळं. दुकानदार आणि संग्रह करणारे यांच्यासाठी अशी काढतात, त्यांना व्हेरिएंट कव्हर म्हणतात आणि त्यांचा दुसऱ्या जगाशी काही संबंध नसतो, असं दुसानेनं सांगितलं. दोन्ही परत आणली.

मग अडतिसावी जागा आली. पहिल्या मालिकेच्या सुरुवातीला, रीबूटच्या आधीच, कारखान्याला आग लागते तिथे लिहिलंय, ‘तो अपघात होता.’ पुढे अंक ३० मध्ये कळतं की अपघात नव्हताच. भट्टीवर राहिलेल्या एका दुसऱ्या कारागिरानं ती चालू सोडून दार लावलं होतं आणि भीतीनं तो कधीच बोलला नाही. मी सुरुवातीचं वाक्य बदलून ‘आग कशी लागली कुणास ठाऊक’ असं केलं होतं.

"हे तर एकाच जगात आहे," मी म्हटलं. "पाटीही पुसलेली नाही. ही खरी विसंगती. माझी दुरुस्ती राहू दे."

दुसाने पडद्यावरच्या अंक ३० मधल्या चित्राकडे पाहत होता. भट्टी, अर्धवट लोटलेलं दार आणि दाराबाहेर पाठमोरा कारागीर.

"दुसाने?"

"हे रेटकॉन," तो म्हणाला. "मागून घातलेली चौकट. आधी दाखवलेलं काही पुसलं जात नाही. आग लागलीच, बाप मेलाच. फक्त तेव्हा एक चौकट दाखवली नव्हती, ती आता दाखवतात, आणि मागचं सगळं वेगळं दिसायला लागतं. पहिल्या गोष्टीत अपघातच राहिला पाहिजे. तेव्हा सगळ्यांना तेवढंच माहीत होतं."

मी ‘असू द्या’ लिहिलं. दुसाने पाणी प्यायला उठला आणि बराच वेळ आला नाही. मला वाटलं, रजेवरून आल्या आल्या दमला असेल.

सव्वातीनला एकच जागा उरली. रेवतीच्या गोष्टीतलं एक पान, दोनशे सहा. तिथे हातमोजा तिच्या उजव्या हातात होता. मी ते चित्र उलटं फिरवायला सांगितलं होतं आणि तसं केलंही होतं.

"आता हे बघ. कोपऱ्यात जग-४ लिहिलंय. जग-४ मधली रेवती डावखुरी. बाकी सगळ्या पानांवर डावा हात," मी म्हटलं. "एकाच गोलात दोन्ही. म्हणजे चूक."

"किंवा ही दुसऱ्याच जगातली रेवती असेल, वेश घेऊन आलेली. वालावलकर असे डाव टाकतात. कधी दहा अंकांनी उलगडतात."

"पुढे उलगडलंय का?"

"माझ्या वाचनात नाही."

सकाळची कुमुद भालेराव असती तर तिनं ते चित्र तसंच फिरवून ठेवलं असतं. मी दुसानेला मूळ चित्र परत लावायला सांगितलं आणि समासात हिरव्या शाईनं एक प्रश्नचिन्ह काढलं. शेजारी लिहिलं: ‘इथे हात उजवा. मुद्दाम?’

वालावलकर बरोबर चारला आले. उंच, वाकलेले, खांद्याला शबनम. आल्या आल्या पाणीही न घेता प्रूफ पुढ्यात ओढलं आणि एकेक पान उलटू लागले. शर्वरी दाराला टेकून उभी होती. बापाच्या पानांवर ते थांबले, कोऱ्या चौकटीवर थांबले, शंभराव्या अंकावर थांबले. समासात सगळीकडे माझं लाल आणि त्यावर हिरवं दिसत होतं.

"हे लाल कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं," मी म्हटलं.

"आणि हिरवं?"

"तेही माझंच. सकाळपर्यंत मी तुमच्या सगळ्या जगांचं एकच करून टाकलं होतं. या दुसानेनं शिकवलं, म्हणून परत वेगवेगळी केली."

शर्वरीनं डोळे मिटले. वालावलकर पानं उलटत राहिले. दोनशे सहावर आले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग एकदम खो खो हसत सुटले.

"वीस वर्षं!" ते म्हणाले. "अहो, प्रेसमध्ये त्या चित्राची छपाईची फिल्म उलटी लागली होती. छापून आल्यावर माझ्या लक्षात आलं आणि मला झोप येईना. वाटलं, उद्या पत्रांचा ढीग पडेल. एक पत्र नाही! वाचकांना वाटलं मुद्दाम आहे. लोकांनी त्यावर तर्क लढवले. मी लाजेपोटी गप्प बसलो. आजवर ‘मुद्दाम का’ असं मला कुणी विचारलंच नाही."

"मग काय करू? उलटून सरळ करू?" दुसानेनं विचारलं.

"करा सरळ. सुटलो एकदाचा!" त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि शेवटच्या पानावर सही केली. जाताना मला म्हणाले, "बाई, पुढचा भाग तुम्हीच वाचा. पण आधी लाल पेन घरी ठेवून या."

शर्वरी त्यांना सोडायला खाली गेली. जाता जाता तिनं मला अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकडा झाला. मी खुर्चीत बसले आणि सकाळपासून पहिल्यांदा पाठ टेकली. खिडकीतून संध्याकाळचं ऊन आत आलं होतं. अंग हलकं झालं होतं. मी दुसानेला म्हटलं, "चल, चहा सांग. आज मी पाजते."

तो उठला नाही. लग्नपत्रिका बोटांत फिरवत होता, ती गोल काढलेली.

"बाई, एक रेटकॉन राहिलाय," तो म्हणाला.

"कुठल्या पानावर?"

"शहाण्णवच्या. निधनवार्तेच्या."

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्ही वाचलेलं प्रूफ बरोबर होतं. नाव बरोबर होतं. तुमच्या सहीनंतर जाहिरात आली, पान हलवावं लागलं. मी निधनवार्तेची पट्टी काढून दुसरीकडे चिकटवायला घेतली आणि वर वेगळा चिकटवलेला नावाचा तुकडा निसटून खाली पडला. टेबलाखालच्या अंधारात उचलताना शेजारी पडलेला उचलला. लुणावतशेटच्या दुकानाच्या जाहिरातीतला. छापल्यावर मला कळलं. वडिलांचं ऑपरेशन तोंडावर होतं, नोकरी लागून चार महिने झाले होते. मी बोललो नाही. तुम्ही गेलात तरी बोललो नाही."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती तीनदा सुरू झाली नाही, चौथ्यांदा झाली.

"सोळा वर्षं," मी म्हटलं. "सोळा वर्षं मी तीनदा कुलूप ओढतेय, दुसाने."

"माहीत आहे, बाई. इथे तुम्ही आलात तेव्हाच सांगायचं होतं. रोज वाटायचं, आज सांगतो." तो रडत होता. "पाटी पुसता येत नाही. म्हटलं, निदान ती चौकट तरी..."

मला राग यायला हवा होता, आणि आलाही. मी त्याला वाट्टेल ते बोलले. पाच वर्षं कशी काढली, भावाच्या घरी कशी राहिले, सगळं ऐकवलं. तो मान खाली घालून ऐकत होता. पण बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की आतून काहीतरी सुटत चाललंय. मी ते नाव वाचलं होतं. बरोबर वाचलं होतं. तेव्हाही मला पक्कं आठवत होतं, आणि माझं मलाच खोटं वाटत होतं. शेवटी मी रडले आणि मग हसू लागले. दुसाने घाबरून बघत राहिला.

"धोंडीरामशेटच्या व्याह्यांनी आणलेले ते हार आठवतात का रे?" मी म्हटलं. "शेट त्यातला एक गळ्यात घालूनच परत गेले होते."

त्यालाही हसू फुटलं. मग आम्ही चहा प्यायलो. चहाचे पैसे मी त्यालाच द्यायला लावले.

घरी गेले, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना दाराला कुलूप लावलं आणि सवयीनं एकदा ओढून पाहिलं. लागलं होतं. मी जिना उतरू लागले.